आबांचे तीन कागद : नंतरच्या मृत्युपत्राने आधीचं सगळंच रद्द होतं का?

राजारामपुरी_७वी_गल्ली

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, म्हणून नाव देत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गेल्या पावसाळ्यात गेले. मागे आई, मोठा दादा, मी आणि धाकटा भाऊ. मंगळवार पेठेतलं घर आणि कागलकडचं दीड एकर ऊसाचं रान, दोन्ही आबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं आहे. शिवाय बँकेत ११ लाखांच्या ठेवी आहेत. तिजोरीत तीन कागद सापडले.

पहिला २०११ चा, रजिस्टर केलेला. त्यात घर दादाला, रान धाकट्याला, मला दोन लाख रुपये आणि आईने हयातभर घरात राहावं, असं आहे. ठेवींचं नाव नाही.

दुसरा २०१६ चा, एक पान टाइप केलेलं. वर ‘पुरवणी मृत्युपत्र’ असं लिहिलंय. रजिस्टर नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. त्यात मला पाच लाख दिलेत.

तिसरा २०२१ चा, फुलस्केप कागदावर आबांच्याच अक्षरात. घर दोघा भावांना निम्मं निम्मं. हाही रजिस्टर नाही, साक्षीदार दोन.

दादा म्हणतो की शेवटचा कागद तोच खरा, आधीचे दोन्ही बाद झाले, त्यामुळे रानात सगळ्यांचा वाटा. धाकटा म्हणतो की रान माझं, त्याला कुणी हात लावलेला नाही. आई काहीच बोलत नाही. मला पैशापेक्षा भांडण नको झालंय. कुणाला माहिती असेल तर सांगा.

तांबडा_पांढरा

ताई, यात काय अवघड आहे. शेवटचं मृत्युपत्र चालतं, आधीचं रद्दी. आमच्या गल्लीत असंच झालं होतं. दादांचं बरोबर आहे.

गंगावेस_बोळ

तांबडा_पांढरा, थांब भावा. पहिलं रजिस्टर आहे ना? मग ते रद्द करायचं तर रजिस्टर ऑफिसातच जावं लागतं. साध्या कागदाने रजिस्टर कागद उडत नाही. २०११ चंच चालणार, बाकी दोन कागद शोभेचे.

जुना_कारकून

दोघांचंही अर्धं अर्धं आहे. माझी तीस वर्षं दस्त नोंदणीच्या टेबलावर गेली, म्हणून सांगतो.

गंगावेस, मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक असते. नोंदलेलं मृत्युपत्र न नोंदलेल्या मृत्युपत्राने रद्द होऊ शकतं, बदलूही शकतं. नोंदणीने कागदाला वजन येतं, हरवायची भीती जाते, पण त्याला वरचा दर्जा मिळत नाही. आमच्या टेबलासमोर कितीतरी लोक ‘साहेब, आता हे पक्कं झालं ना?’ विचारायचे. पक्कं काही नसतं. माणूस शुद्धीवर आहे तोवर हवं तितक्या वेळा बदलू शकतो.

तांबडा पांढरा, ‘शेवटचं चालतं’ हे खरं, पण आधीच्याशी जिथं टक्कर होते तिथंच चालतं. नंतरच्या कागदात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ असं वाक्य असेल तर गोष्ट वेगळी. तसं वाक्य नसेल तर दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायचे. जे एकमेकांना कापतं तेवढं नंतरच्याप्रमाणे, उरलेलं आधीच्याप्रमाणे.

ताई, तिसऱ्या कागदात रद्द करण्याबद्दल नेमकं काय लिहिलंय? शब्दाला शब्द टाका. ‘साधारण असं आहे’ असं नको. या प्रकरणात सगळं त्या एका ओळीवर आहे.

राजारामपुरी_७वी_गल्ली

काका, फोटो बघून टाइप करतेय.

२०२१ : ‘मंगळवार पेठेतील माझे राहते घर माझ्या दोन्ही मुलांनी निम्मे निम्मे घ्यावे. घराबाबत यापूर्वी मी केलेली व्यवस्था रद्द समजावी.’ मग तारीख, सह्या. बस एवढंच.

२०१६ : ‘माझ्या मुलीस माझ्या बचतीतून रु. ५,००,००० द्यावेत. माझ्या मृत्युपत्रातील बाकी मजकूर कायम राहील.’

आणि एक राहिलं. २०११ च्या मूळ कागदावर माझ्या दोन लाखांच्या ओळीवर आबांनी निळ्या पेनने आडवी रेघ मारलीय. बाजूला ‘रद्द’ आणि त्यांची एकट्याची सही. तारीख नाही. रेघेखालची अक्षरं स्वच्छ वाचता येतात.

काळा_कोट_कसबा_बावडा

आता बोलता येईल. मी दिवाणी बाजूला काम करते. कागद न पाहता सांगतेय, एवढं धरून चाला.

आधी रान. आबांनी ‘सर्व मृत्युपत्रे रद्द’ लिहिलेलं नाही, ‘घराबाबत केलेली व्यवस्था रद्द’ लिहिलंय. म्हणजे रद्द करण्याला त्यांनी स्वतःच कुंपण घातलं. रान त्या कुंपणाबाहेर आहे, म्हणून २०११ प्रमाणे धाकट्या भावाचं. टायपिस्टकडच्या तयार नमुन्यात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या रद्द’ हे वाक्य आधीच छापलेलं असतं, आणि माणूस न वाचता सही करतो. आबा तिथं गेले असते तर रान आणि तुमचे पैसे दोन्ही उडाले असते. हाताने लिहिलं म्हणून वाचलं.

दादांना एक शांतपणे विचारा. २०११ पूर्ण बाद झालं असं धरलं तर रानाचं मृत्युपत्रच उरत नाही आणि ते आई व तिघा मुलांत समान चौघांत जातं. म्हणजे दादांना अर्धं घर आणि पाव रान. म्हणून ते तसं म्हणतात. त्यात चूक नाही, प्रत्येक जण आपल्या बाजूने वाचतो. पण कागद तसं म्हणत नाही.

इचलकरंजीची_सून

वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे याच्या उलटं झालं.

सासऱ्यांचं पहिलं मृत्युपत्र होतं, त्यात मागाचा कारखाना माझ्या मिस्टरांना. मग काहीतरी बिनसलं आणि त्यांनी दुसरं केलं. त्यात पहिलं रद्द असं स्पष्ट लिहून कारखाना दिरांना. दोन वर्षांनी दिवाळीत सगळे जमलेले असताना त्यांनी दुसरं कपाटातून काढलं, आमच्यादेखत टराटरा फाडलं आणि म्हणाले, ‘पहिलंच खरं.’ आम्हाला वाटलं झालं. ते गेल्यावर वकील म्हणाले, दोन्ही नाहीत. फाडल्यामुळे दुसरं गेलं, पण पहिलं तर आधीच मेलेलं होतं, ते फाडण्याने उठून बसत नाही. कारखाना सगळ्या वारसांत वाटला गेला. नणंदेचाही हिस्सा निघाला. हे खरंच असं असतं का, की आमचा वकील कच्चा होता?

जुना_कारकून

सूनबाई, वकील पक्का होता. भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ७३. एकदा रद्द झालेलं मृत्युपत्र परत जिवंत करायला दोनच वाटा आहेत. ते पुन्हा दोन साक्षीदारांसमोर रीतसर सही करायचं, किंवा ‘अमुक तारखेचं मृत्युपत्र पुन्हा अमलात आणतो’ अशी पुरवणी तशीच रीतसर करायची. नुसतं तोंडी ‘पहिलंच खरं’ म्हणून भागत नाही. सासऱ्यांनी त्याच दिवाळीत जमलेल्यांतल्या दोन परक्यांना बसवून पहिल्या कागदावर परत सही केली असती, तर दहा मिनिटांचं काम होतं. परके म्हणतो, कारण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळणार असेल तर शंका वाढते.

फाडण्याबद्दलही सांगतो. स्वतः फाडलं, किंवा त्यांच्या सांगण्यावरून त्यांच्यादेखत कुणी फाडलं, आणि हेतू रद्द करण्याचा होता, तरच ते रद्द. मुलाने सांगितलं ‘आबा, मी घरी जाऊन फाडतो’ आणि घरी जाऊन फाडलं, तर ते रद्द होत नाही. ते त्यांच्यासमोर झालेलं नाही.

गंगावेस_बोळ

मग ताईंच्या आबांनी दोन लाखांवर रेघ मारली, ‘रद्द’ लिहिलं, सहीही केली. आणखी काय पाहिजे? स्वतःच्या हाताने केलंय.

काळा_कोट_कसबा_बावडा

आणखी दोन साक्षीदार पाहिजेत. ही गोष्ट लोकांना सगळ्यात जड जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मृत्युपत्र झाल्यावर त्यावर केलेली खाडाखोड, मधे घातलेला शब्द, मारलेली रेघ या सगळ्याला मृत्युपत्राइतकीच औपचारिकता लागते. म्हणजे त्या बदलाजवळ करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. त्या नसतील तर बदल झालाच नाही असं धरतात. यातून एकच पळवाट आहे. शब्द असे खोडले की वाचताच येत नाहीत, अर्थच लागत नाही, तर तेवढा भाग गेला. आबांची रेघ निळी आणि पातळ, खालचं ‘रुपये दोन लाख’ स्वच्छ दिसतं. म्हणून कायद्याच्या नजरेत ती ओळ अजून उभी आहे.

नोटरीच्या शिक्क्याबद्दलही तोच गैरसमज आहे. ‘मी माझं मृत्युपत्र रद्द करतो’ असं स्टँपपेपरवर नोटरी करून आणतात आणि साक्षीदारांच्या जागा रिकाम्या. तो कागद रद्द करण्याच्या कामाचा नाही.

तांबडा_पांढरा

म्हणजे ताईंना दोन अधिक पाच, सात लाख? आबांच्या मनात पाचच होते हे शेंबडं पोरही सांगेल. नाहीतर रेघ कशाला मारली असती?

काळा_कोट_कसबा_बावडा

बरोबर जागी बोट ठेवलंत. खरी चुरस इथेच आहे.

एकाच माणसाला मृत्युपत्रात एक रक्कम आणि पुरवणीत दुसरी दिली, आणि दुसरी पहिलीच्या ऐवजी की शिवाय हे कागदातून कळत नसेल, तर कलम १०१ चा नियम असा की दोन्ही द्यायच्या. रकमा सारख्या असोत की वेगळ्या. एकाच मृत्युपत्रात दोन ठिकाणी तीच रक्कम आली तर मात्र एकदाच मिळते, कारण तिथं लिहिणारा विसरून दुसऱ्यांदा लिहून गेला असं मानतात. पुरवणी करायला माणूस मुद्दाम बसतो, म्हणून ती वेगळी भेट धरतात.

आबांच्या पुरवणीत ‘ऐवजी’ नाही. ‘दोन लाखांच्या ऐवजी पाच लाख’ असं असतं तर वादच नव्हता. उलट ‘बाकी मजकूर कायम राहील’ असं आहे, आणि बाकी मजकुरात ते दोन लाख येतात. कागदावर जे आहे त्यावरून सात.

रेघेवरून हेतू दिसतो, हे मला माणूस म्हणून पटतं. पण जी रेघ कायद्याने मृत्युपत्राचा भाग होत नाही, तिच्यावरून मृत्युपत्राचा अर्थ काढायचा का? मी तुमच्या बाजूने असेन तर म्हणेन, नाही. दादांचा वकील म्हणेल, आजूबाजूची परिस्थिती बघा. मला सातची बाजू भक्कम वाटते. न्यायाधीश काय म्हणतील याची हमी कुणी देऊ नये.

रंकाळ्याचा_बाक

पण ठेवींवर नॉमिनी कोण आहे? दादा असेल तर मृत्युपत्र गेलं उडत, अकरा लाख दादाचे.

राजारामपुरी_७वी_गल्ली

नॉमिनी दादाच आहे 😟

जुना_कारकून

घाबरू नका. नॉमिनीला बँक पैसे देते ते बँकेची सुटका व्हावी म्हणून. मालकी वारसांची किंवा मृत्युपत्राप्रमाणे. बँक ठेवींबद्दल सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये हे स्पष्ट केलंय. दादांनी पैसे उचलले तरी हिशेब द्यावा लागतो. रंकाळा, तुमचा प्रश्न वेगळ्या धाग्याचा आहे.

एक आकडेमोड करून बघा, म्हणजे भांडण केवढं आहे ते कळेल. देणी, दवाखाना, दिवसाकार्याचा खर्च बाजूला ठेवू. ठेवी ११ लाख. सात तुम्हाला गेले तर चार उरतात. त्या उरलेल्यांचं मृत्युपत्रात काही नाही, म्हणून आई आणि तिघं मुलं, प्रत्येकी एक लाख. तुमचे एकूण आठ. पाचच धरले तर सहा उरतात, प्रत्येकी दीड. तुमचे एकूण साडेसहा. म्हणजे तुमच्यासाठी फरक दीड लाखाचा, आणि आई व दोन्ही भावांना प्रत्येकी पन्नास हजारांचा. एवढ्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या का, हे घरात बसून बोला.

राजारामपुरी_७वी_गल्ली

काका, हे हातात कागद घेऊन लिहून काढलं तेव्हा मला हसूच आलं. पन्नास हजार! दादाने गेल्या महिन्यात त्याहून जास्तीची गाडीची बॅटरी आणि टायर घातलेत.

पण आईचं सांगा. २०११ मध्ये आईने हयातभर घरात राहावं असं आहे. २०२१ मध्ये आईचा उल्लेखच नाही, आणि ‘घराबाबत केलेली व्यवस्था रद्द’. म्हणजे आईचं राहणंही रद्द?

तांबडा_पांढरा

असं कसं रद्द होईल ओ. आई आहे ती. तिला कोण बाहेर काढतंय?

पुणेकर_नाइलाजाने

मंगळवार पेठेतल्या आईला कुणी काढणार नाही हो. पण घर बिल्डरला द्यायची वेळ आली की बघा. माझ्या काकूंच्या बाबतीत पुण्यात हेच झालं. राहायचा हक्क कागदावर होता म्हणून बिल्डरला तिच्यासाठी भाडं आणि नवीन फ्लॅट द्यावा लागला. कागद नसता तर सगळं मुलांच्या मर्जीवर.

काळा_कोट_कसबा_बावडा

ताई, मला या धाग्यातला हाच सगळ्यात कठीण प्रश्न वाटतो. पैशांचा नाही.

एक वाचन असं. नंतरचा कागद आधीच्याला गरजेपुरताच हलवतो. घर दोघा मुलांचं निम्मं निम्मं होणं आणि आईने त्यात राहणं या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. २०११ मध्येसुद्धा घर दादाचं आणि राहणं आईचं, असंच होतं. ‘व्यवस्था’ म्हणजे घर कुणाला द्यायचं ती व्यवस्था. ती बदलली, आईचं राहणं तसंच.

दुसरं वाचन असं. आबांनी नुसतं ‘निम्मे निम्मे’ लिहून सोडलं असतं तर पहिलं वाचन मी डोळे मिटून मान्य केलं असतं. पण त्यांनी स्पष्ट शब्दांत ‘घराबाबत केलेली व्यवस्था रद्द’ म्हटलंय, आणि आईचं राहणं ही घराबाबतचीच व्यवस्था. स्पष्ट रद्द केलेलं ‘एकत्र नांदू शकतं’ म्हणून परत आणता येत नाही.

मी पहिल्याच्या बाजूने झुकते. नवरा बायकोचं छप्पर एका ओघात काढून घेईल, तेही तिचं नाव न घेता, हे न पटणारं आहे, आणि रद्द करण्याचा हेतू स्पष्ट असावा लागतो. पण माझ्या एका सिनिअरना मी हा मजकूर, नावं न सांगता, वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘दुसरं वाचन. शब्द आहेत ते आहेत.’ तेव्हा हे सुटलेलं नाही. भावाभावांत काही लेखी तडजोड होणार असेल तर आईच्या राहण्याचं वाक्य त्यात पहिलं घाला. कोर्टात जायचंच झालं तर आता हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आलंय, अपिलाला मुंबई गाठावी लागणार नाही. पण तिथवर जाऊ नका.

आणि हो, इतकं सगळं २०२१ चा कागद सिद्ध झाला तर. साक्षीदार कोण आहेत?

राजारामपुरी_७वी_गल्ली

एक शेजारचे काका, ते कोविडमध्ये गेले. दुसरे आबांच्या तालमीतले मित्र. त्यांच्याकडे काल जाऊन आले. वय ऐंशी, पण लाल मातीतला माणूस, स्मरण खणखणीत. ते म्हणाले, ‘तुझ्या बापाने माझ्यासमोर सही केली, मग मी केली. शेजारचा तेव्हा नव्हता. त्याची सही दुसऱ्या दिवशी घेतो म्हणाला.’ म्हणजे दोघं एकत्र नव्हते. कागद बाद?

जुना_कारकून

बाद नाही. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असायलाच हवेत असं नाही. पण प्रत्येकाने आबांना सही करताना पाहिलेलं हवं, किंवा आबांनी त्याला ‘ही माझी सही’ असं सांगितलेलं हवं, आणि मग त्याने आबांसमोर सही केलेली हवी. मुद्दा हा की शेजाऱ्यांसमोर हे झालं का?

काळा_कोट_कसबा_बावडा

आणि हे तालमीतल्या काकांना माहीत नाही, कारण ते तिथे नव्हते. मृत्युपत्र सिद्ध करायला एक साक्षीदार बोलावला तरी चालतो, पण तो दुसऱ्याच्या सहीबद्दलही सांगू शकला पाहिजे. नाहीतर दुसऱ्याला बोलवा, असं सुप्रीम कोर्टाने जानकी भोईर प्रकरणात म्हटलंय. तुमचा दुसरा साक्षीदार हयात नाही. मग इतर पुराव्याने दाखवावं लागेल. शेजारच्या काकांच्या घरात त्या दिवशी कुणी होतं का? काकू? मुलगा? आबा फुलस्केप घेऊन आले होते हे कुणाला आठवतं का? त्यांच्या सहीचा दुसरा नमुना, बँकेचा किंवा पेन्शनचा, मिळतो का ते बघा.

२०२१ सिद्ध झालं नाही तर २०११ आणि पुरवणी एवढंच उरतं. मग घर पूर्ण दादांचं, रान धाकट्याचं, आणि आईचं राहणं निर्विवाद. गंमत बघा, ज्या कागदाला दादा धरून बसलेत तो पडला तर त्यांचाच फायदा. त्यांच्या वकिलाने हे अजून त्यांना सांगितलेलं दिसत नाही. मीही तुम्हाला सांगायला नको होतं बहुतेक 🙂

पुरवणीचे साक्षीदार हयात आहेत का?

राजारामपुरी_७वी_गल्ली

दोघेही आहेत, एक तर गुजरीत दुकानावर रोज भेटतात.

शेजारच्या काकूंना आज संध्याकाळी भेटले. त्या म्हणतात, आबा सकाळी आले होते, चहा घेतला, ‘वहिनी, यांची एक सही पाहिजे’ म्हणाले. कागद कसला ते त्यांनी विचारलं नाही. काकांनी सही आबांसमोर केली का, हे नेमकं आठवत नाही, त्या चहा करायला आत गेल्या होत्या.

घरी येऊन आईला हे सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘चहा आलेला ना? मग सही समोरच झाली असणार. तुझे आबा चहा संपल्याशिवाय उठत नव्हते.’

हे कोर्टात चालेल का माहीत नाही. मंगळवारी तिघं भावंडं वकिलांकडे जाणार आहोत. दादा येतो म्हणालाय.

जुना_कारकून

तिन्ही मूळ कागद घेऊन जा, झेरॉक्स नको. आणि त्या निळ्या रेघेवर आता कुणी पेन टेकवू नका.